वीस टक्के कुठून आले?

शिरवळचा कारखाना घ्यायचा की नाही, यावर २०२२ च्या पावसाळ्यानंतर आमच्याकडे तीन महिने खल चालला होता. त्यातला निम्मा वेळ माझ्या एक्सेलमधल्या एकाच खान्यावर गेला. त्या खान्यात २० टक्के लिहिलेलं होतं: दोन कारखाने एकत्र आल्यावर पुढं वाचणाऱ्या पैशाचं आजचं मूल्य काढायचा सवलतीचा दर.

आमचा कारखाना चाकणला. पुठ्ठ्याचे बॉक्स करतो, उलाढाल तेव्हा ६२ कोटी. फायनान्स मी सांभाळते. शिरवळचा कारखाना १८ कोटींचा, एकाच माणसानं पंचवीस वर्षं चालवलेला. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मुलगा कॅनडात स्थिरावला, परत यायचं नाव काढत नव्हता, त्यामुळे अण्णांचं विकायचं नक्की होतं. आम्हाला रस होता तो त्यांच्या गिऱ्हाइकांत. पुठ्ठा वजनाला हलका आणि जागेला भारी, गाडी भरते पण काटा हलत नाही. चाकणहून साताऱ्याकडे बॉक्स पाठवायचे तर भाडंच नफा खाऊन जातं.

कारखान्याची स्वतःची किंमत काढणं फारसं अवघड गेलं नाही. अण्णांचे मागचे चार ताळेबंद घेतले, त्यांच्या घरच्या गाडीचा खर्च, गावच्या जत्रेची देणगी वगैरे बाजूला काढलं. कर आणि मशीनची डागडुजी भागवून वर्षाला ९५ लाख हातात राहतात असा अंदाज निघाला. वाढ ५ टक्के धरली. पुढचे पैसे आजच्या किमतीत आणायचा दर १४ टक्के. सरकारी रोख्यांचा दर तेव्हा सव्वासात-साडेसातच्या घरात होता, त्यावर धंद्याची आणि लहान कंपनीची जोखीम चढवून स्वतःच्या भांडवलाचा खर्च १८ च्या थोडा वर गेला. कर्ज १० टक्क्यांचं, करबचत धरली की साडेसात. साठ-चाळीसच्या प्रमाणात मिळून १४. १४ मधून वाढीचे ५ गेले की ९, आणि पंचाण्णव लाख भागिले ९ टक्के म्हणजे साधारण साडेदहा कोटी. या आकड्यावर अण्णांचे सीए आणि मी पहिल्याच बैठकीत जवळजवळ एकमत झालो.

भांडण पुढं होतं. दोन कारखाने एकत्र आल्यावर जो खर्च वाचेल, त्याची किंमत किती?

वाचणाऱ्या खर्चाच्या तीन ओळी होत्या. पहिली कागदाची. अण्णा वर्षाला ३,२०० टन क्राफ्ट पेपर घ्यायचे. त्याच जीएसएमचा, त्याच बीएफचा, म्हणजे त्याच प्रतीचा कागद आम्हाला गिरणीकडून किलोमागे सव्वा रुपयानं स्वस्त पडत होता, कारण आम्ही पूर्ण गाड्या उचलायचो आणि पैसे वेळेवर द्यायचो. म्हणजे वर्षाला ४० लाख. दुसरी ओळ त्यांच्या जुन्या कोरुगेटरची, म्हणजे कागदाला लाटा पाडून पुठ्ठ्याच्या शीट करणाऱ्या यंत्राची. तो आणि त्याचा बॉयलर बंद करायचा, शीट चाकणला बनवायच्या, शिरवळला फक्त छपाई, स्लॉटिंग आणि स्टिचिंग ठेवायचं. शीट वाहून न्यायचं भाडं वजा करून ३० लाख. तिसरी ओळ ऑफिसची. अकाउंटंट, खरेदीचा माणूस, वेगळं सॉफ्टवेअर, वेगळं ऑडिट, सगळे मिळून १४ लाख. एकूण ८४ लाख. आमचा कर २५.१७ टक्के, तो गेला की ६३ लाख.

अण्णांच्या सीएंनी त्या ६३ लाखांना सरळ ९ टक्क्यांनी भागलं आणि ७ कोटी म्हणाले. "खर्च कारखान्याचाच, मग दर वेगळा कशाला?" त्यातले निम्मे मागितले, म्हणजे एकूण १४ कोटी. त्यांच्या हिशेबात बचत पहिल्या दिवसापासून पूर्ण मिळत होती, दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत होती आणि ती मिळवायला एक रुपयाही लागत नव्हता. हे तिन्ही खोटं आहे, हे त्यांनाही माहीत होतं. विकणाऱ्याच्या बाजूनं बसलेला माणूस असंच मांडणार.

मी माझा तक्ता केला. पहिल्या वर्षी चौथाई बचत, दुसऱ्या वर्षी ७० टक्के, तिसऱ्यापासून पूर्ण. वाढ शून्य. आणि दर १४ ऐवजी २०, कारण बचत कागदावरची, ती करून दाखवायची बाकी. असं केल्यावर आजचं मूल्य २ कोटी ६२ लाख निघालं. हाच तक्ता १४ टक्क्यांनी लावला तर ३ कोटी ९४ लाख. सहा टक्क्यांच्या फरकात एक तृतीयांश किंमत गेली. साहेब, म्हणजे आमचे मालक, खूष झाले, "हाच आकडा धरून बस," म्हणाले.

आमच्या बोर्डावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. साहेबांचे वडील आणि ते एका वर्गातले, म्हणून सगळे काका म्हणतात. त्यांनी तक्ता छापून मागवला (स्क्रीनवर ते काही वाचत नाहीत), पेन्सिलीनं त्या खान्याभोवती गोल काढला आणि मला विचारलं, "अगं, हे वीस टक्के कुठून आणलेस?"

मी म्हटलं, सिनर्जीला, म्हणजे एकत्र आल्यानं होणाऱ्या बचतीला, जोखीम जास्त, म्हणून दर जास्त.

"ते कळलं. पण एकवीस का नाही? अठरा का नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वी एका सल्लागारानं दिलेल्या अहवालात २० टक्के पाहिले होते, तेच मी उचलले होते. काका काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "मग आधी हे शोध, की वीस टक्के लिहून तू नेमकं काय कबूल करते आहेस."

रात्री घरी बसून तेच शोधलं. १४ टक्क्यांनी सवलत दिलेला एक रुपया आणि २० टक्क्यांनी सवलत दिलेला तोच रुपया, दोघांचं गुणोत्तर वर्षागणिक मांडलं. पहिल्या वर्षी ०.९५. दुसऱ्या वर्षी ०.९५ चा वर्ग. तिसऱ्या वर्षी घन. म्हणजे २० टक्के दर लावणं आणि "दरवर्षी उरलेल्या बचतीतली ५ टक्के गळून जाईल" असं धरून १४ टक्के लावणं, या दोन गोष्टी एकच आहेत. सूत्र एवढंसं आहे:

```
=(1+14%)/(1-5%)-1
```

उत्तर बरोबर २० टक्के येतं. दर वाढवणं म्हणजे गळती धरणं, हे मी इतकी वर्षं करत आले होते आणि मला ते माहीत नव्हतं.

मग ती गळती वर्षावर्षाला कशी पडते ते पाहिलं आणि तिथं पाय अडकला. वीस टक्क्यांचा दर पहिल्या वर्षाच्या बचतीतून फक्त ५ टक्के कापतो. पाचव्या वर्षाच्या बचतीतून साधारण २३ टक्के, आणि दहाव्या वर्षाच्या बचतीतून ४० टक्के. आता कोरुगेटरचा विचार करा. तो बंद होणार की नाही, याचा निकाल पहिल्या दीड वर्षात लागणार. कामगार तयार झाले, चाकणहून शीट वेळेवर पोचल्या, तर तो बंद झाला आणि दहाव्या वर्षीही तो बंदच राहणार, बंद पडलेलं यंत्र कोणी परत लावत नाही. नाही झाला तर पहिल्या वर्षापासून बचत शून्य. खरी भीती सगळी सुरुवातीला आहे, आणि माझा दर सुरुवातीला जवळजवळ काहीच कापत नव्हता. जिथं भीती संपलेली असेल त्या दहाव्या वर्षाला मात्र चाळीस टक्क्यांचा दंड.

दुसऱ्या दिवशी काकांना हे सांगितलं. त्यांना आधीच माहीत असावं. ते म्हणाले, "मशीन बंद होईल की नाही, हे त्यावरच्या चौदा माणसांवर आणि आपल्या प्लँट हेडवर आहे. बाजार पडला काय, चढला काय, त्याचा याच्याशी संबंध नाही. दरात घालायची ती बाजाराबरोबर हलणारी जोखीम. बाकीची भीती रकमेतच घाल, म्हणजे ती दिसेल तरी."

साहेब तिथंच होते. त्यांना हे पटलं नाही. "काका, शेअर बाजारात शंभर कंपन्यांत पैसे ठेवणाऱ्याचं ठीक आहे. माझं सगळं याच धंद्यात अडकलंय. मशीन बंद झालं नाही तर मला दुसरीकडून कोण भरून देणार?" मुद्दा खोटा नव्हता. लहान कंपनीत मालकाची जोखीम विखुरलेली नसते. पण काकांचं उत्तर मला अजून आठवतं. "मग ती जास्त जोखीम अण्णांच्या मूळ धंद्यालाही आहेच की. त्याला १४ आणि बचतीलाच २०, हे कसं? तुझी चिंता दोन्हीकडे सारखी आहे, ती आधीच १४ मध्ये घातली आहेस."

यावर मी तीनही ओळी वेगळ्या केल्या. एकाच दराखाली त्या राहत नव्हत्या.

ऑफिसची ओळ सगळ्यात सोपी. व्यवहार स्लंप सेलचा, म्हणजे धंदा उचलून आमच्याच कंपनीत आणायचा, त्यामुळे वेगळं ऑडिट आणि वेगळं सॉफ्टवेअर आपोआप संपणार. त्यांचा अकाउंटंट तसाही निवृत्तीला आला होता. इथं करून दाखवायचं असं फार काही नव्हतं. शिवाय पगार विक्रीबरोबर कमीजास्त होत नाहीत. मंदी आली तरी वाचलेला पगार वाचलेलाच राहतो, म्हणून कोणी १४ पेक्षा कमी दर लावला असता तरी मी वाद घातला नसता. १४ च ठेवला. करानंतर साडेदहा लाख, पहिल्या वर्षी निम्मे. मूल्य ७० लाख.

इथं आणखी एक गोष्ट लक्षात आली. पगार दरवर्षी वाढतात, म्हणजे वाचणारा पगारही वाढायला हवा, पण मी वाढ शून्य धरली होती. हळूहळू मिळणारी बचत, शून्य वाढ आणि त्यावर वाढीव दर. एकाच गुन्ह्याला मी तीन शिक्षा दिल्या होत्या आणि तिसरी देताना पहिल्या दोन विसरले होते. शून्य वाढ तशीच ठेवली, पण तक्त्याच्या शेजारी तसं लिहून ठेवलं.

कागदाच्या ओळीवर बराच वेळ गेला. सव्वा रुपयाचा फरक एकदा मिळाला की कायम राहतो का? यासाठी आमचीच जुनी फाइल काढली. २०१६ मध्ये आम्ही एका गिरणीशी वर्षाचा करार केला तेव्हा बाजारभावापेक्षा ९० पैसे कमी मिळाले होते. पाच वर्षांनी तो फरक ७० पैशांवर आला होता. कोणी फसवलं नव्हतं. गिरणीचा सेल्सवाला बदलला, मोठ्या गिऱ्हाइकांनी बॉक्सचा दर कागदाच्या दराशी बांधून घेतला, प्रत्येक वाटाघाटीत दोन-चार पैसे सुटत गेले. नव्वदाचे सत्तर पाच वर्षांत, म्हणजे वर्षाला जवळपास ५ टक्के गळती. आणि ५ टक्के गळतीचा दर किती? तोच, २० टक्के.

मला हसूच आलं. उसना आणलेला आकडा तीनपैकी एका ओळीला अगदी मापात बसला. कागदाची बचत अशीच असते, थोडी थोडी झिजणारी, आणि झिजणाऱ्या गोष्टीला वाढीव दर हे योग्य हत्यार आहे. करानंतरचे ३० लाख, पहिल्या वर्षी निम्मे कारण गिरण्यांशी दर तिमाहीचे असतात, २० टक्क्यांनी १ कोटी ३७ लाख.

कोरुगेटरला मात्र दर न वाढवता शक्यता लावल्या. त्या मी ठरवल्या नाहीत. आमचा प्लँट हेड, शिरवळचा फोरमन आणि अण्णा यांना वेगवेगळं विचारलं, कारण एकत्र विचारलं की सगळे साहेबांच्या तोंडाकडे बघतात. प्लँट हेड म्हणाला नक्की होईल. फोरमन म्हणाला पावसाळ्यात अवघड आहे. अण्णा बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "माझ्यासमोर कामगारांच्या सह्या झाल्या तर होईल. मी गेल्यावर नाही." त्यातून धरलं, की वेळेवर होण्याची शक्यता ५५ टक्के, वर्षभर उशिरा होण्याची २५, अजिबात न होण्याची २०. दुसऱ्या वर्षापासून पूर्ण बचत मिळाली तर १४ टक्क्यांनी मूल्य १ कोटी ४१ लाख, उशीर झाला तर १ कोटी २४ लाख, नाहीच झालं तर शून्य. शक्यतांनी गुणून बेरीज १ कोटी ८ लाख.

तिन्ही मिळून ३ कोटी १६ लाख. कुतूहल म्हणून पाहिलं, की माझ्या पहिल्या तक्त्यात हाच आकडा यायला एकच दर किती लावावा लागला असता. सतरा टक्के. म्हणजे वाढीव दर लावण्यात चूक नव्हती, पण सहा टक्के चढवायला नको होते, तीन पुरले असते. आणि ते तीनही ओळी वेगळ्या केल्याशिवाय कळलं नसतं.

एक चूक मात्र मला आजही डाचते, कारण ती माझ्याच बाजूला खोटं बोलत होती. बचत मिळवायला एकदाच करायचा खर्च होता. चौदा जणांची देणी ६० लाख (कायद्यानं वर्षाला पंधरा दिवसांचा पगार ही किमान भरपाई, पण तेवढ्यावर कोणी सही करत नाही), यंत्र उतरवणं आणि शीटसाठी शेड ३० लाख, ईआरपी आणि डेटा २० लाख. एकूण १ कोटी १० लाख, करबचत धरून ८२, त्यातले ५० पहिल्या वर्षी आणि ३२ दुसऱ्या. त्या २ कोटी ६२ लाखांतून मी हा खर्च वजा केला होता, पण त्यालाही बचतीचाच २० टक्के दर लावून.

आता बघा काय होतं. वाढीव दर येणाऱ्या पैशाला लावला की तो कमी दिसतो, म्हणजे आपण सावध राहिलो. पण तोच दर जाणाऱ्या पैशाला लावला की खर्चही कमी दिसतो! खर्च जितका धोक्याचा मानू तितका तो स्वस्त. वीस टक्क्यांनी ते ८२ लाख ६४ लाख दिसत होते. देणी तर देणीच, सही झाली की ती चुकत नाहीत, म्हणून त्यांना मी कर्जाचा करानंतरचा साडेसात टक्के दर लावला, तेव्हा ७४ लाख झाले. दहा लाखांचा फरक. रक्कम लहान आहे, पण दिशा उलटी होती. त्यानंतर मी एकदाच करायचा खर्च वेगळ्या शीटवर ठेवते. (ज्यांना बारकाई हवी त्यांच्यासाठी: स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेची वजावट तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ३५डीडीए खाली पाच वर्षांत समान हप्त्यांनी मिळायची, एकदम नाही. मी सोपं करून लगेच धरली होती, म्हणजे खरा खर्च आणखी थोडा जास्त.)

तर निव्वळ सिनर्जी २ कोटी ४२ लाख. पहिल्या तक्त्यात ती २ कोटीच्या आतबाहेर होती. साहेबांना वाटलं मी अण्णांच्या बाजूनं गेले. मी म्हटलं, किंमत आपल्याला कळायला हवी, द्यायची किती ते वेगळं. कमी आकडा धरून बसलो असतो तर परवडणाऱ्या भावालाही नाही म्हणून उठलो असतो. निपाणीची एक पार्टी अण्णांकडे येऊन गेल्याचं आम्हाला कळलं होतंच.

वाटाघाटीत तीन सुटे आकडे असण्याचा जो उपयोग झाला, तो एकट्या दरानं झाला नसता. "आमचा दर वीस, तुमचा चौदा" यावर अण्णांचे सीए रात्रभर वाद घालू शकले असते. पण "कोरुगेटर बंद होण्यावर तुमचाच विश्वास किती?" हा प्रश्न अण्णांना विचारता आला. ते म्हणाले, "मी थांबलो तर होईल." मग साहेबांनी तिथल्या तिथं मांडलं, ११ कोटी आता आणि ६० लाख कोरुगेटर बंद होऊन सगळ्या सह्या झाल्या की, मुदत अठरा महिने. अण्णांना कामगार मानायचे, त्यामुळे ती जोखीम ज्याच्या हातात होती त्याच्याच अंगावर गेली. मी तक्ता परत चालवला तेव्हा त्या ६० लाखांनाही तीच शक्यता लावली. न होण्याची भीती दोन्हीकडे सारखी असली पाहिजे, नाहीतर आपण बचत धोक्याची धरतो आणि तिच्यावर अवलंबून असलेलं देणं पक्कं धरतो.

अण्णांनी एकच दुरुस्ती सुचवली. "अठरा महिन्यांत पावसाळे किती येतात ते बघा." फेब्रुवारीत सही झाली तर एक पूर्ण आणि दुसऱ्याचा बराचसा भाग येत होता. पहिलाच आम्हाला पुरला.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चाकणहून शिरवळला गेलेली पहिली मोठी खेप वाकली. फाइव्ह प्लायच्या शीट ताडपत्रीखाली होत्या, भिजल्या नव्हत्या, पण रात्रभर कात्रजच्या अलीकडे गाडी अडकली आणि पुठ्ठ्यानं हवेतला ओलावा ओढला. सकाळी शिरवळच्या स्लॉटरवर शीट धरली तर होडीसारखी. वरच्या थराच्या शीटची फ्लूट, म्हणजे आतली लाट, दोरीखाली चेपलेली. फोरमननं एक शीट उचलून दोन्ही अंगठ्यांनी दाबली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, ही तुमची बचत." पावसाळाभर तातडीच्या ऑर्डरींसाठी जुना कोरुगेटर चालू ठेवावा लागला. बंद गाड्या, प्रत्येक पॅलेटला फिल्म आणि शिरवळला शीट एक दिवस मुरू देणं, एवढं जमल्यावर तो बंद झाला, सहीपासून एकविसाव्या महिन्यात. म्हणजे मी वेळेवरचे धरलेल्या बारा महिन्यांपेक्षा नऊ महिने उशीर, माझ्या मधल्या शक्यतेच्या जवळपास. एकदाच करायचा खर्च १ कोटी १० वरून १ कोटी ३४ लाखांवर गेला, त्यात गाड्यांचे बदल मी धरलेच नव्हते.

ऑफिसची बचत लगेच मिळाली, पण पूर्ण नाही. ई-वे बिल आणि डिस्पॅचसाठी शिरवळला एक मुलगी परत घ्यावी लागली. १४ लाखांचे ११ राहिले.

कागदाचं मात्र मला वाटलं तसं झालं नाही. सुरुवातीला सव्वा नव्हे तर १ रुपया १० पैसे मिळाले. दुसऱ्या वर्षाच्या करारात शिरवळच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या खरेदीवाल्यानं सरळ सांगितलं, "तुम्ही एकत्र आलात, कागद स्वस्त पडत असणार, आमचा वाटा द्या." दिला. आता ८५ पैसे उरले आहेत. एकशे दहाचे पंच्याऐंशी दोन वर्षांत, म्हणजे वर्षाला १२ टक्के गळती. सूत्रात टाकलं तर दर तीसच्या जवळ जातो. पण मी तो खाना तीस केला नाही. ही गळती थेंबथेंब नव्हती, एका माणसानं एका बैठकीत नेली, आणि तीच परत दरवर्षी होईल असं धरलं तर मी कोरुगेटरवाली चूक उलट्या बाजूनं करीन. पुढच्या वर्षी त्या गिऱ्हाइकाचा करार परत येतोय, तोवर खाना वीसवरच आहे, शेजारी टीप लिहून.

अठरा महिन्यांची मुदत उलटली होती, त्यामुळे करारानुसार अण्णांना ६० लाख देणं नव्हतं. पण पावसाळाभर ते रोज सकाळी सातला कारखान्यात येऊन बसत होते, चौदाही सह्या त्यांच्यासमोरच झाल्या. साहेबांनी ४० लाखांचा चेक लिहिला. माझ्या तक्त्यात त्यासाठी ओळ नव्हती, मी ती नंतर घातली.